चुकीचे उत्तर लिहिताना

परिचर्येच्या परीक्षेसाठी बहुपर्यायी प्रश्न लिहिणाऱ्या शिक्षिकेचा बराचसा वेळ चुकीच्या उत्तरांवर खर्च होतो, ही गोष्ट या कामाशी संबंध नसलेल्यांना सहसा ठाऊक नसते. प्रश्नाचे तीन भाग असतात. रुग्णाची स्थिती सांगून शेवटी विचारणा करणारा मजकूर हा पहिला भाग, ज्याला शिक्षक ‘स्टेम’ म्हणतात. बरोबर उत्तर, म्हणजे ‘की’, हा दुसरा. आणि बरोबर वाटू शकणारे परंतु बरोबर नसलेले पर्याय, म्हणजे ‘डिस्ट्रॅक्टर’, हा तिसरा. यांपैकी पहिले दोन भाग पाठ्यपुस्तक उघडून तासाभरात तयार होतात, परंतु तिसरा भाग पाठ्यपुस्तकात सापडत नाही, कारण पुस्तकात काय करावे ते लिहिलेले असते. नीट अभ्यास केलेली मुलगी कोणत्या कारणाने चुकेल, ते लिहिलेले नसते.

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत हे काम अनेक नर्सिंग महाविद्यालयांतून चालते. हुबळीत १९५७ साली सुरू झालेल्या आणि किम्स या नावाने परिचित असलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, धारवाडनजीक सत्तूर येथील एसडीएमचे रुग्णालय आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था यांमुळे शिक्षण आणि रुग्णसेवा येथे हातात हात घालून चालतात. महाविद्यालयांची परीक्षा बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून होते, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित नियमावलीने बी.एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धती लागू केल्यापासून लेखी परीक्षेत दीर्घ आणि लघु उत्तरांच्या जोडीला बहुपर्यायी प्रश्नांनाही ठरावीक जागा मिळाली आहे. पदवीनंतर ‘एम्स’ची नॉरसेट ही भरती परीक्षा देणाऱ्यांना तर संपूर्ण परीक्षाच या स्वरूपात द्यावी लागते, आणि तेथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. त्यामुळे महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षांसाठी असे प्रश्न लिहिणे हा शिक्षिकांच्या नित्याच्या कामाचा भाग होऊन बसला आहे.

प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात विद्यार्थिनीने वाचलेली गोष्ट तिला आठवते का, एवढेच पाहिले जाते. उदाहरणार्थ, ‘मॅग्नेशियम सल्फेटचा उतारा कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर कॅल्शियम ग्लुकोनेट हे आहे, आणि ते ज्या मुलीने एकदा वहीत अधोरेखित केले आहे, तिला औषध पाहिलेलेही नसताना पूर्ण गुण मिळतात. दुसऱ्या प्रकारात हीच माहिती एका विशिष्ट बाईच्या, विशिष्ट वेळच्या स्थितीत वापरायची असते. तेथे चारही पर्याय एरवी कधी ना कधी योग्य ठरणारी कृत्ये असतात आणि त्या क्षणी आधी कोणते करायचे, हे ठरवावे लागते. निर्णयशक्तीची परीक्षा म्हणतात ती हीच, आणि तिचे यश पूर्णतः चुकीच्या पर्यायांवर अवलंबून असते, कारण तीन पर्याय उघडच हास्यास्पद असले तर उरलेला चौथा निवडायला निर्णय लागत नाही.

प्रसूतिविभागातील मॅग्नेशियम सल्फेट, ज्याला वॉर्डात सरसकट ‘मॅगसल्फ’ म्हणतात, हे या कामाचे बारकावे दाखवण्यास सोयीचे उदाहरण आहे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका निर्माण झाला, की हे औषध दिले जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी एएनएमनेही त्याचा पहिला डोस द्यावा, अशी आपल्याकडील पद्धत आहे. स्नायूत टोचण्याच्या प्रचलित पद्धतीत सुरुवातीच्या मोठ्या मात्रेनंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम दिले जातात, आणि बाळंतपण किंवा शेवटचा झटका यांपैकी जे नंतर घडले असेल, त्यापुढे २४ तास ते चालू ठेवतात. औषध शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून लघवी कमी झाली की ते रक्तात साठू लागते आणि साठले की आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे नी-जर्क, नाहीशी होते आणि त्यानंतर श्वसन मंदावते. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक डोसपूर्वी परिचारिकेने तीन खुणा पाहायच्या असतात: नी-जर्क आहे, श्वसन मिनिटाला किमान १६ आहे आणि मागील चार तासांत निदान १०० मिली लघवी झाली आहे. यांतील एक जरी खूण बिघडलेली असली, तरी पुढचा डोस थांबवायचा असतो.

या नियमावर प्रश्न लिहायचा, तर चुका कोठून आणायच्या, हा पहिला प्रश्न. अनुभवी शिक्षिका त्या वॉर्डातून आणते. तृतीय किंवा चतुर्थ वर्षाच्या मुली लेबर रूममध्ये आणि प्रसूतिपश्चात वॉर्डात ड्युटीवर असताना चार्ट हातात घेऊन काय बोलतात, हे ऐकून ठेवले तर या औषधाबाबत तीन चुका पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली चूक मॅगसल्फ हे रक्तदाब उतरवणारे औषध आहे अशा समजुतीची. असे समजणारी मुलगी म्हणते, ‘मॅडम, बीपी अजून दीडशे आहे, डोस चुकवून कसं चालेल?’ वास्तविक हे औषध झटके रोखण्यासाठी असते आणि रक्तदाबासाठी वेगळी औषधे दिली जातात. दुसरी चूक एकाच खुणेवर विसंबण्याची. श्वास नीट चालला आहे म्हणजे विषबाधा नाही, असे मानणारी मुलगी नी-जर्क आधी जातो, हे विसरलेली असते. तिसरी चूक हुशार मुलींची असते. त्यांना उतारा पाठ असतो, म्हणून विषबाधेची चाहूल लागताच त्या कॅल्शियम ग्लुकोनेटकडे धावतात. प्रत्यक्षात ते जवळ तयार ठेवायचे असते आणि श्वसन दबले की वैद्यकीय आदेशानुसार द्यायचे असते. या तिन्ही चुकांमागे विचार आहे, आणि अशी विचारपूर्वक केलेली चूक हाच चांगल्या डिस्ट्रॅक्टरचा कच्चा माल होय.

तथापि कच्चा माल हाती आला म्हणून प्रश्न तयार होत नाही. अशा प्रश्नाच्या पहिल्या मसुद्यात सहसा पुढील पर्याय उतरतात: ‘रक्तदाब चढा असल्याने डोस द्यावा’, ‘श्वसन ठीक असल्याने डोस द्यावा’, ‘कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे’, आणि ‘डोस थांबवून डॉक्टरांना त्वरित कळवावे, लघवी व श्वसनाची नोंद ठेवावी आणि उतारा जवळ तयार ठेवावा’. यातील शेवटचा पर्याय इतरांच्या तिप्पट लांब आहे, कारण बरोबर उत्तर निर्दोष असावे म्हणून शिक्षिका त्यात एकेक अट भरत जाते, आणि परीक्षेचा सराव असलेली मुलगी औषधाविषयी काही न जाणताही सर्वांत लांब पर्यायावर खूण करते. शिवाय पहिल्या दोन पर्यायांत कारण लिहिलेले असल्याने, ज्या मुलीला कारणच ठाऊक नव्हते, तिला ते आयते पुरवले जाते आणि चूक करण्याची किंवा ती टाळण्याची संधी तिच्याकडून काढून घेतली जाते. कारणे काढून टाकावीत, तर दुसरी अडचण उभी राहते: पहिले दोन्ही पर्याय ‘डोस द्यावा’ असे एकच होतात आणि रक्तदाबाने फसलेली मुलगी कोणती, श्वसनाने फसलेली कोणती, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

यावर तोडगा असा, की प्रत्येक पर्यायात दोन कृत्ये ठेवावीत: एक डोसविषयीचे आणि एक पुढील निरीक्षणाविषयीचे किंवा उपायाविषयीचे. मुलगी डोस दिल्यावर कशावर नजर ठेवू इच्छिते, यावरून तिने कोणत्या खुणेवर भरवसा टाकला, ते कळते आणि पर्यायात कारण लिहावे लागत नाही. चार पर्यायांपैकी दोनांत डोस द्यायचा आणि दोनांत थांबवायचा, अशी सम विभागणी ठेवली तर लांबी आणि घडण यांवरून अंदाज बांधणेही शक्य राहत नाही.

स्टेमचा मसुदाही तितकाच तपासावा लागतो, आणि त्याची खात्रीची पद्धत म्हणजे की न सांगता तो प्रश्न त्याच विषयाच्या दोन-तीन सहकाऱ्यांना सोडवायला देणे. समजा, मसुद्यात श्वसन मिनिटाला १४ लिहिलेले आहे. सोळाच्या खाली गेलेले श्वसन दाखवून शिक्षिकेने प्रश्न सोपा केला, असे तिला वाटते, परंतु एखादी सहकारी ‘श्वसन दबू लागले आहे’ असे म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचा पर्याय निवडते आणि तिचे म्हणणे खोडून काढणे अवघड जाते. त्याच वेळी श्वसनावर भरवसा ठेवणारा डिस्ट्रॅक्टर मात्र निरुपयोगी होतो, कारण १४ पाहून कोणीही निर्धास्त राहणार नाही. श्वसन १८ केले की दोन्ही दोष जातात. दुसरी सहकारी विचारते, की लघवी ९० मिली आहे, ती कॅथेटरची नळी दुमडल्यामुळे तर नसेल? वॉर्डात हाच प्रश्न प्रथम विचारायचा असतो, म्हणून तो योग्यच आहे. परंतु त्यासाठी पर्यायांत जागा नसल्याने स्टेममध्येच नळी मोकळी असल्याचे नोंदवून ती वाट बंद करावी लागते. डोसच्या मात्रेचेही तसेच. स्नायूत देण्याची आणि शिरेतून सतत देण्याची, अशा दोन्ही पद्धती वेगवेगळ्या रुग्णालयांत वापरात असल्याने प्रश्नात पद्धत स्पष्ट सांगावी लागते आणि एका रुग्णालयाच्या रिवाजावर उत्तर टांगून ठेवता येत नाही.

या सर्व तपासणीतून प्रश्न पुढील रूपास येतो.

गंभीर प्री-एक्लॅम्पसिया असलेल्या २४ वर्षांच्या स्त्रीला बाळंत होऊन सहा तास झाले आहेत. मॅग्नेशियम सल्फेटचा स्नायूत द्यायचा ५ ग्रॅमचा डोस आता द्यायचा आहे. रक्तदाब १५०/१०० आहे. श्वसन मिनिटाला १८ आहे. दोन्ही गुडघ्यांचा नी-जर्क मिळत नाही. कॅथेटरची नळी मोकळी आहे. मागील चार तासांत ९० मिली लघवी झाली आहे. परिचारिकेने आधी काय करावे?

अ. डोस द्यावा आणि अर्ध्या तासाने रक्तदाब पाहावा.
ब. डोस द्यावा आणि दर पंधरा मिनिटांनी श्वसन मोजावे.
क. डोस थांबवावा आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.
ड. डोस थांबवावा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून द्यावे.

उत्तर ‘क’ आहे. येथे नोंद घेण्याजोगी गोष्ट ही, की रक्तदाब किंवा श्वसन पाहत राहणे ही स्वतंत्रपणे चांगलीच कृत्ये आहेत, त्यामुळे कोणताही पर्याय वाचताक्षणी बाद करता येत नाही. आणि चुकीचे प्रत्येक उत्तर शिक्षिकेला निराळी बातमी देते. ‘अ’ निवडणाऱ्या मुलीला औषधाचा उद्देश पुन्हा शिकवावा लागतो, ‘ब’ निवडणारीला विषबाधेचा क्रम, आणि ‘ड’ निवडणारीला उताऱ्याची वेळ व परिचारिकेच्या अधिकाराची मर्यादा.

भाषेचा मुद्दा या भागात विशेष निकडीचा आहे. परीक्षा इंग्रजीतून होते, तर वर्गात कन्नड माध्यमातून आलेल्या मुलींबरोबर बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी माध्यमाच्या मुलीही बसलेल्या असतात. लांबलचक इंग्रजी वाक्यात दोन नकार आले किंवा ‘खालीलपैकी कोणते करू नये’ अशी विचारणा ठेवली, तर मुलगी औषधात चुकली की वाक्यात, हे सांगता येत नाही, आणि जी परीक्षा हे सांगू शकत नाही, ती निर्णयाची परीक्षा राहत नाही. म्हणून स्टेममध्ये एका वाक्यात एकच नोंद, चार्टमध्ये असते त्या क्रमाने, आणि विचारणा होकारार्थी ठेवावी लागते. ‘आधी’ हा शब्द मात्र वगळता येत नाही, कारण सर्व पर्याय केव्हा ना केव्हा करण्याजोगे असल्याने प्राधान्य विचारले नाही, तर प्रश्नाला एकच उत्तर राहत नाही.

प्रश्न चालला की नाही, हे परीक्षेनंतरच कळते. त्यासाठी प्रश्नांचे विश्लेषण करतात, आणि त्याचे गणित कागदावर मांडण्याइतके सोपे आहे. समजा, वर्गात ६० विद्यार्थिनी आहेत. एकूण गुणांनुसार त्यांची उतरंड लावून वरच्या आणि खालच्या २७ टक्के, म्हणजे प्रत्येकी १६ जणी वेगळ्या काढायच्या. हे २७ टक्क्यांचे प्रमाण ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवले आणि तेव्हापासून ते रूढ आहे. आता समजा, वरच्या गटातील १० जणींनी आणि खालच्या गटातील ५ जणींनी ‘क’ निवडला. दोहोंतील फरक ५, त्याला १६ ने भागले की ०.३१ मिळतात, याला भेददर्शक निर्देशांक म्हणतात आणि प्रश्न तयारीच्या मुलींना इतरांपासून किती वेगळे काढतो, हे तो सांगतो. वर्गपरीक्षेसाठी हा आकडा समाधानकारक मानला जातो, आणि घाईत असलेली शिक्षिका येथेच थांबते.

पुढे पर्यायांकडे पाहिले, तर निराळे चित्र दिसू शकते. खालच्या गटात ‘अ’ ४ जणींनी, ‘ब’ ६ जणींनी आणि ‘ड’ एकीने निवडला. वरच्या गटात ‘अ’ कोणीच नाही, ‘ब’ एकीने, परंतु ‘ड’ तब्बल ५ जणींनी. ‘अ’ आणि ‘ब’ यांचे वर्तन अपेक्षेप्रमाणे आहे, कारण डिस्ट्रॅक्टरने अर्धवट तयारीच्या मुलींना ओढावे आणि पूर्ण तयारीच्या मुलींना सोडून द्यावे, अशीच अपेक्षा असते. ‘ड’ मात्र उलट वागतो आहे. असे दिसले की दोन शक्यता तपासायच्या: एक, पर्याय खरोखरच समर्थनीय आहे आणि की चुकली आहे, दोन, तो भाग वर्गातच एकांगी शिकवला गेला आहे. येथे सहकाऱ्यांनी की न पाहता एकमताने ‘क’ निवडलेला असेल, तर पहिली शक्यता मागे पडते आणि लक्ष अध्यापनाकडे वळते. उतारा लक्षात ठेवा, असे बजावताना तो केव्हा द्यायचा, हे तितक्याच ठासून सांगितले गेले नाही, आणि ऐकणाऱ्या मुलींनीच ते अर्धे वाक्य प्रामाणिकपणे उत्तरात उतरवले. अर्थात सोळा-सोळा मुलींच्या गटांवरून काढलेला निष्कर्ष एका वर्षात पक्का होत नाही. तोच प्रश्न पुढील तुकडीतही तसाच वागतो का, हे पाहावे लागते.

जो पर्याय पाच टक्क्यांहूनही कमी विद्यार्थी निवडतात, तो निष्क्रिय मानण्याचा प्रघात आहे. हाँगकाँग विद्यापीठातील मारी टॅरंट आणि सहकाऱ्यांनी परिचर्येच्या परीक्षांतील प्रश्न तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तीनही डिस्ट्रॅक्टर कामाचे असलेले प्रश्न फारच थोडे असतात. हुबळी-धारवाडच्या शिक्षिकेलाही हा अनुभव परका नाही. तिसरा चुकीचा पर्याय सुचत नाही, तेव्हा ‘वरीलपैकी सर्व’ लिहून जागा भरण्याचा मोह होतो. मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये अनेक दशकांचे संशोधन एकत्र मांडून तीन पर्याय पुरेसे असतात, असे दाखवले आहे. परंतु विद्यापीठाचा नमुना चार पर्यायांचा असल्याने ही मोकळीक महाविद्यालयाच्या शिक्षिकेला मिळत नाही. तिच्यापुढे मग एकच मार्ग उरतो: ज्या विषयात वॉर्डात तीन वेगवेगळ्या चुका दिसत नाहीत, तो विषय निर्णयाच्या प्रश्नासाठी घेऊच नये आणि त्यावर लघुउत्तरी प्रश्न विचारावा.

या प्रश्नप्रकाराच्या मर्यादा दोन आहेत आणि दोन्ही कामाच्या ओघातच समोर येतात. पहिली मर्यादा स्वरूपाचीच आहे. स्टेममध्ये नी-जर्क मिळत नाही असे छापलेले असते. वॉर्डात तो तपासायचे कोणाला तरी सुचावे लागते, रात्रपाळीत हातोडी शोधावी लागते आणि झोपलेल्या बाळंतिणीला उठवावे लागते. खूण दिसल्यावर काय करायचे, हे हा प्रश्न तपासतो. खूण पाहायची बुद्धी होते का, हे तो तपासू शकत नाही, आणि त्यासाठी रुग्णाशेजारी उभे राहून घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षाच लागते.

दुसरी मर्यादा काळाची. प्रश्न एकदा वापरला की तो वहीत, मग झेरॉक्सच्या गठ्ठ्यात आणि पुढे मार्गदर्शक पुस्तकांत जातो, आणि त्या प्रवासात त्याचे उत्तर ‘मॅगसल्फ म्हणजे डोस थांबवा’ असे एका ओळीत गोठते आणि तो स्मरणाचा प्रश्न बनतो. यावर उपाय म्हणून प्रश्नासोबतच त्याचा जोडप्रश्न लिहून ठेवतात. तीच स्त्री, तीच वेळ. श्वसन १८, नी-जर्क दोन्ही बाजूंना आहे, चार तासांत १६० मिली लघवी आणि रक्तदाब १३०/९० वर उतरलेला. पर्यायांची घडण तशीच, परंतु आता डोस देऊन तिन्ही खुणांची नोंद चालू ठेवणे हे उत्तर, कारण २४ तास पूर्ण झालेले नाहीत आणि थांबवण्याचे एकही कारण उरलेले नाही. रक्तदाब उतरला म्हणून डोस थांबवणारी मुलगी मागील प्रश्नात ‘अ’ निवडणाऱ्या मुलीचीच चूक दुसऱ्या दिशेने करते, आणि ‘थांबवा’ एवढेच पाठ केलेली मुलगीही येथे चुकते. म्हणून हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नपत्रिकेत, एकमेकांपासून दूर ठेवून दिले जातात, आणि शिक्षिका हिशेब ठेवते तो दोन्ही बरोबर सोडवणाऱ्या मुलींचा.